स्टीलचा चमचा गार लागतो, लाकडी का लागत नाही? धाकट्या भावाला समजवायचंय

मोठी_ताई

भाऊ सहावीत आहे आणि प्रश्न त्याचाच आहे. एकाच खणात रात्रभर पडून असलेले दोन चमचे, एक स्टीलचा आणि एक लाकडी. सकाळी हातात घेतले की स्टीलचा गार लागतो, लाकडी लागत नाही. डिजिटल तापमापीची सळी दोन्हींना चिकटवून दाखवली, दोन्हींवर 25 अंश. तर त्याचं म्हणणं, तापमापी बिघडलीय, कारण हाताला सरळ कळतंय की स्टील गार आहे.

"स्टील सुवाहक आहे म्हणून" हे उत्तर देऊन झालं. त्यावर त्याने विचारलं, सुवाहक म्हणजे उष्णता सहज जाऊ देणारं ना? मग ते गरम लागायला हवं, गार कशाला लागेल?

शंका रास्त आहे आणि पुस्तकातल्या त्या एका वाक्याने ती फिटत नाही. मला दोन गोष्टी हव्यात. एक, त्याला पटेल असं सूत्राशिवायचं स्पष्टीकरण. दुसरं, तो स्वतःच्या हाताने करून बघू शकेल असा प्रयोग, ज्याचं उत्तर आधी सांगता येईल आणि मग पडताळता येईल.

---

सोनचाफा

सोपं आहे. धातूची उष्णता धरून ठेवायची ताकद कमी असते. विशिष्ट उष्मा बघा, स्टीलचा एका ग्रॅमला अर्धा ज्यूल, लाकडाचा साधारण 1.7 ज्यूल. म्हणून रात्री स्टील पटकन थंड होतं आणि लाकूड आपली ऊब राखून असतं. सकाळी हात लावला की तोच फरक जाणवतो.

---

पारा

सोनचाफा, तुमचे दोन्ही आकडे बरोबर आहेत, निष्कर्ष मात्र जुळत नाही. लाकूड सावकाश थंड होतं हे खरं, पण सावकाश म्हणजे फार तर तास-दोन तास. रात्रभरात दोन्ही चमचे खोलीच्या तापमानाला येऊन थांबतात. ताईंच्या तापमापीने 25 आणि 25 दाखवलं ते म्हणूनच. साठवलेली ऊब सकाळपर्यंत शिल्लकच नसते.

आता भावाच्या शंकेकडे येतो, कारण सगळं मर्म तिच्यात आहे. सुवाहकातून उष्णता सहज जाते हे त्याचं म्हणणं शंभर टक्के बरोबर आहे. फक्त ती कुठून कुठे जाते हे त्याने उलटं धरलंय. बोटाची त्वचा साधारण 33 अंशांवर असते, चमचा 25 वर. म्हणजे उष्णता चमच्याकडून बोटाकडे येत नाही, बोटाकडून चमच्याकडे जाते. स्टील ती सहज जाऊ देतं म्हणजे त्याच्या बोटातली उष्णता झपाट्याने निघून जाते. गार लागतं ते त्यामुळे.

दुसरी गोष्ट त्याला सावकाश सांगा, कारण ती मोठ्यांनाही पटकन पचत नाही. तापमान कळणाऱ्या चेतातंतूंची टोकं बोटाच्या आत आहेत, त्वचेच्या पृष्ठभागापासून मिलिमीटरच्या छोट्याशा अंशाइतकी खाली. चमच्याचं तापमान किती आहे हे त्यांना कळायला मार्गच नाही. त्यांना फक्त आपल्या आजूबाजूच्या त्वचेचं तापमान कळतं आणि ते किती वेगाने बदलतंय ते कळतं. "चमचा गार आहे" असं वाटतं तेव्हा खरी बातमी असते "माझी त्वचा थंड होतेय". म्हणजे तापमापी बिघडलेली नाही आणि हातही चुकत नाही. तापमापी चमचा मोजते, हात स्वतःला मोजतो.

लाकडाला बोट लावल्यावर पहिल्या क्षणी तिथेही उष्णता जातेच. पण लाकडातून ती पुढे सरकत नाही, बोटाखालच्या पातळ थरातच अडकून पडते. तो थर सेकंदाच्या आत तापून बोटाच्या जवळपास येतो. दोन्हीकडे तापमान सारखं झालं की उष्णता जायचं कारणच उरत नाही, प्रवाह मंदावतो. स्टीलमध्ये आलेली उष्णता लगेच चमच्याच्या अंगभर पसरते, बोटाखालची जागा पुन्हा गार ती गारच, आणि बोटातून ओढ चालू राहते.

---

मोठी_ताई

"हात स्वतःला मोजतो" हे त्याला पटलं. लगेच पुढचा प्रश्न आला: किती थंड होते त्वचा? स्टीलला हात लावला की ती 25 होते का?

---

पारा

छान प्रश्न. याचा हिशेब सहज करता येतो. दोन वस्तू एकमेकींना टेकल्या की मधल्या सीमेवर एक तापमान ठरतं. ते दोघींच्या मध्ये कुठेतरी असतं, पण नेमकं कुठे हे दोघींच्या ओढीवर अवलंबून. ही ओढ तीन गोष्टींच्या गुणाकाराच्या वर्गमुळाने मिळते: उष्णतावाहकता, घनता आणि विशिष्ट उष्मा. इंजिनिअरिंगमध्ये तिला इफ्युसिव्हिटी म्हणतात. भावाला तुम्ही "ओढ" म्हणा, काही बिघडत नाही.

```
e  = sqrt(k * rho * c)
Tc = (e1*T1 + e2*T2) / (e1 + e2)
```

चमच्याचं नेहमीचं स्टेनलेस स्टील घ्या. वाहकता 15, घनता 8000, विशिष्ट उष्मा 500, सगळं एसआय एककांत. ओढ येते सुमारे 7700. लाकडाची वाहकता 0.15, घनता 600, विशिष्ट उष्मा 1700 धरला तर ओढ सुमारे 400. त्वचेची साधारण 1200 धरू. माणसागणिक आणि बोट किती ओलं आहे त्यागणिक ती थोडी इकडेतिकडे होते.

स्टीलसाठी: 1200 गुणिले 33 अधिक 7700 गुणिले 25, भागिले 8900. उत्तर 26.1 अंश.
लाकडासाठी: 1200 गुणिले 33 अधिक 400 गुणिले 25, भागिले 1600. उत्तर 31 अंश.

तर भावाला सांगा, तुझा अंदाज जवळजवळ बरोबर होता. स्टीलला टेकल्याक्षणी त्वचेचा वरचा थर 33 वरून 26 वर येतो, लाकडाला टेकल्यावर 31 वरच थांबतो. सात अंश घसरण विरुद्ध दोन अंश. चमचे दोन्ही 25 वर, त्वचा मात्र दोन ठिकाणी दोन वेगळ्या तापमानांची. जाणवतं ते हे.

एक मर्यादा ध्यानात ठेवा. दोन्ही वस्तू भरपूर जाड आहेत असं हे सूत्र धरून चालतं. दोन मिलिमीटर जाडीच्या स्टीलमध्ये उष्णता एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला सेकंदाच्या आतच पोचते. म्हणून 26.1 हा आकडा पहिल्या क्षणापुरता. त्यानंतर चमचा हळूहळू तापायला लागतो.

---

सोनचाफा

म्हणजे विशिष्ट उष्मा सूत्रात आहेच की! वर मला चुकीचं ठरवलंत.

---

पारा

आहेच. निष्कर्ष जुळत नाही म्हणालो, आकडे नाही. पण सूत्रात तो कोणत्या दिशेने काम करतो बघा. विशिष्ट उष्मा जास्त म्हणजे ओढ जास्त, म्हणजे वस्तू अधिक गार लागणार. लाकडाचा विशिष्ट उष्मा स्टीलच्या तिप्पट आहे. त्या एकाच गोष्टीवर निकाल लागायचा असता तर लाकूड जास्त गार लागलं असतं.

अख्ख्या चमच्यांचा हिशेब तर याहून बोलका आहे. स्टीलचा चमचा 40 ग्रॅमचा धरला तर तो एक अंश तापवायला 20 ज्यूल लागतात. लाकडी चमचा 20 ग्रॅमचा, त्याला 34 ज्यूल. म्हणजे पूर्ण तापायला लाकडी चमच्यालाच जास्त उष्णता हवी. तरीही तो उबदार लागतो, कारण ती उष्णता त्याच्या आत शिरायला वाटच मिळत नाही. विशिष्ट उष्म्यातला फरक तीनपट, तोही उलट्या दिशेने. घनतेतला तेरापट. वाहकतेतला शंभरपट. म्हणून धाकट्याला सांगताना वाहकतेचंच नाव पुढे करायचं.

---

करवत

लाकडात रोजचं काम आहे म्हणून एक शंका. सगळं लाकूड सारखं उबदार लागत नाही. जड, घट्ट लाकडाचा तुकडा हलक्या लाकडापेक्षा गार लागतो. एकाच फळीची कापलेली बाजू, म्हणजे जिथे रेषांची टोकं दिसतात ती, आणि वरची सपाट बाजू यांतही मला फरक वाटतो. पॉलिश मारलेली फळी रंधा न मारलेल्या फळीपेक्षा गार. हा भास आहे की खरं?

---

पारा

पहिलं आणि तिसरं खात्रीने खरं. लाकूड म्हणजे बारीक नळ्यांचा गठ्ठा आणि त्या नळ्यांत हवा. स्थिर हवेची वाहकता 0.026 च्या आसपास, लाकडाच्याही पाचवा-सहावा हिस्सा. हलक्या लाकडात हवा जास्त, म्हणून वाहकता कमी आणि घनताही कमी. दोन्हींमुळे ओढ घटते. रंधा न मारलेल्या फळीवर बोट फक्त उंचवट्यांना टेकतं, मधे हवा राहते. पॉलिशने तो पृष्ठभाग गुळगुळीत होतो, टेकणारं क्षेत्र वाढतं.

रेषेच्या दिशेने लाकडाची वाहकता आडव्या दिशेच्या साधारण दुप्पट असते. वर्गमुळामुळे ओढ दीडपटीच्या आतबाहेर वाढते. वरच्या हिशेबात 31 च्या जागी 30.3 येईल. पाऊण अंशाचा हा फरक बोटाला ओळखता येतो की नाही, माझ्या मते सीमारेषेवर आहे. कापलेली बाजू सहसा खरखरीतही असते, त्याने उलटा परिणाम होतो.

---

करवत

दोन्ही बाजू एकाच नंबरच्या पॉलिश पेपरने घासून मगच बोलतोय. फरक लागतो.

---

पारा

मग डोळे बांधून कुणाकडून तरी तपासून घ्या. कोणती बाजू कोणती हे आधी माहीत असेल तर हात लगेच फितूर होतो.

---

टिपकागद

मला वाटतं उत्तर अगदीच सोपं आहे. गरम भांड्यात ढवळायला लाकडी चमचाच वापरावा, स्टीलचा हाताला चटका देतो. आमच्याकडचा एक स्टीलचा चमचा उकळत्या पाण्यात राहिला तरी दांडा धरता येतो, पण दुसरा एक जुना धातूचा चमचा आहे, तो अर्ध्या मिनिटात धरवत नाही. दोन्ही धातूच. हे कसं?

---

फळा_खडू

टिपकागद, ताईंचा प्रश्न गार का लागतो हा आहे, ढवळायचं कशाने हा नाही. पण तुमचं निरीक्षण फार उपयोगी आहे, पारा यांनी उत्तर द्यावं.

---

पारा

देतो, कारण "धातू म्हणजे सुवाहक" यातला सैलपणा इथे उघडा पडतो. सगळे धातू सारखे नाहीत. चांदी 429, तांबं 400 च्या आसपास, ॲल्युमिनियम 237, पितळ साधारण 110, शुद्ध लोखंड 80, आणि स्टेनलेस स्टील फक्त 15. धातूत उष्णता मुख्यतः मोकळे इलेक्ट्रॉन वाहून नेतात. लोखंडात क्रोमियम आणि निकेलचे अणू मिसळले की इलेक्ट्रॉनांची वाट जागोजागी अडते. गंजू नये म्हणून जे घातलं, त्यानेच वाहकता पाचव्या हिश्शावर आली.

गरम पाण्यातून वर आलेल्या दांड्यात दोन गोष्टी चालतात. खालून उष्णता वर चढते आणि वाटेत ती हवेत निसटत राहते. दांडा दोन मिलिमीटर जाड असेल तर स्टेनलेसमध्ये दर चार सेंटीमीटरला जास्तीची उष्णता साधारण एक-तृतीयांशावर येते. दहा सेंटीमीटरवर हाताला जेमतेम कोमट लागेल. त्याच जाडीच्या ॲल्युमिनियममध्ये हे अंतर चौदा-पंधरा सेंटीमीटर, चांदीत वीस. म्हणजे दांड्याचं टोक जवळजवळ पाण्याइतकंच तापतं. तुमचा जुना चमचा ॲल्युमिनियमचा, पितळेचा किंवा चांदीचा असणार. उचलून बघा. आकाराच्या मानाने फारच हलका असेल तर ॲल्युमिनियम. वाफ थेट दांड्यावर येत असेल तर मात्र हा हिशेब लागू नाही, वाफ स्टीललाही चटका देण्याइतकं तापवते.

---

सोनचाफा

मग ॲल्युमिनियमचा चमचा स्टीलपेक्षा पंधरापट गार लागायला हवा!

---

पारा

हिशेब करून बघा. ॲल्युमिनियमची ओढ सुमारे 24000. सीमेवरचं तापमान येतं 25.4. स्टीलला 26.1 होतं. वाहकता पंधरापट वाढूनही फरक फक्त 0.7 अंशाचा. त्वचा 25 च्या खाली तर जाऊच शकत नाही, आणि स्टीलने तिला आधीच तिथवर आणून ठेवलंय. त्यापुढे वाहकता कितीही वाढवली तरी पहिल्या स्पर्शाला फारसं काही हाती लागत नाही. हात दाबून ठेवला तर ॲल्युमिनियम थोडा जास्त वेळ गार राहील, कारण उष्णता लांबच्या टोकापर्यंत पोचते. पण चमचा बारीक असेल तर तेही नाही.

---

फळा_खडू

आता प्रयोगाकडे. ताईंना आधी सांगता येईल असं उत्तर हवंय. ते वरच्या सूत्रात दडलेलं आहे. चमचे 33 अंशांवर असतील तर दोन्हीकडे उत्तर 33 येतं, ओढ कितीही वेगळी असो. म्हणजे दोन्ही चमचे त्वचेच्या तापमानाला आणले की फरक नाहीसा झाला पाहिजे. आणि त्याहून जास्त तापवले की उलटा, स्टील गरम लागलं पाहिजे. गारपणा स्टीलच्या अंगी असता तर हे कधीच घडलं नसतं. भावाकडून तिन्ही वेळचा अंदाज आधी कागदावर लिहून घ्या.

लागणारं सामान: दोन चमचे, पाण्यात बुडवता येईल अशी तापमापी, दोन पसरट भांडी, दोन प्लास्टिकच्या पातळ पिशव्या. एका भांड्यात 33 अंशांचं पाणी, दुसऱ्यात 42 चं. मुलासाठी 42 च्या वर जाऊ नका, 45 च्या पुढे स्टील त्रासदायक लागायला लागतं. पाणी भरपूर घ्या, दोन लिटर तरी, म्हणजे चमचे टाकल्यावर ते लगेच थंड होणार नाही.

प्रत्येक चमचा पिशवीत घालून हवा दाबून काढा आणि तोंड पाण्याबाहेर ठेवून बुडवा. स्टीलला पाच मिनिटं पुरतात. लाकडाला वीस द्या. सेंटीमीटरभर जाड लाकडाच्या गाभ्यापर्यंत उष्णता पोचायला वेळ लागतो आणि बहुतेकांची गडबड इथेच होते. मधूनमधून पाण्याचं तापमान बघून थोडं गरम पाणी घालत राहा.

मग मुलाला डोळे मिटायला सांगा. चमचा पिशवीतून काढून दांड्याची सपाट बाजू त्याच्या मनगटाच्या आतल्या भागाला लावा, दोन सेकंद, सारख्याच दाबाने. चमच्याची गोल पाठ लावू नका, ती प्रत्येक चमच्याची वेगळ्या वळणाची असते आणि टेकणारं क्षेत्र बदलतं. काढल्यापासून अर्ध्या मिनिटात दोन्ही लावून व्हायला हवेत.

---

मोठी_ताई

करून पाहिलं. खोलीच्या तापमानाला ठरल्याप्रमाणे स्टील गार. 42 ला त्याने न अडखळता स्टीलच गरम सांगितलं. पण 33 ला गोंधळ झाला. दोन्ही सारखे लागायला हवे होते, तो म्हणाला लाकडी गार आहे! पिशव्या नव्हत्या म्हणून चमचे तसेच पाण्यात ठेवले आणि फडक्याने पुसले.

---

पारा

पिशवी नसल्यानेच झालं. वीस मिनिटांत लाकडाच्या वरच्या थरात पाणी मुरतं, फडक्याने ते निघत नाही. बाहेर काढल्यावर ते पाणी वाफ होऊन उडायला लागतं आणि त्यासाठीची उष्णता लाकडाच्या पृष्ठभागातूनच घेतं. पृष्ठभाग पाहता पाहता काही अंशांनी खाली येतो. शिवाय ओल्या लाकडातल्या नळ्यांत हवेच्या जागी पाणी असतं, पाण्याची वाहकता 0.6, हवेच्या वीसपटीहून जास्त. म्हणजे ओलं लाकूड एक तर खरंच गार झालं, वर त्याची ओढही वाढली. स्टील पुसलं की कोरडं होतं, त्याला हा त्रास नाही.

तो चमचा आता निदान एक दिवस वाळू द्या, मगच पुन्हा वापरा. नुसता वरून कोरडा दिसणं पुरेसं नाही.

हेच उलट दिशेनेही फसवतं. नुकताच धुतलेला स्टीलचा चमचा अंगावर थेंब असताना खोलीपेक्षा खरोखर गार असू शकतो. मुलगा म्हणेल "बघ, तापमापीपण कमी दाखवतेय". म्हणून सुरुवातीच्या मोजणीतही दोन्ही चमचे कोरडे आणि किमान दोन-तीन तास एका जागी, उन्हापासून आणि पंख्याच्या झोतापासून लांब.

---

फळा_खडू

आणखी एक. मुलाचे हात थंड असतील तर प्रयोग नीट होत नाही. बोटं 27 वर असतील तर 25 अंशांच्या स्टीलला देण्याजोगं त्यांच्याकडे फारसं काही नसतं, दोन्ही चमचे सारखेच वाटतात. मनगटाची आतली बाजू घ्यायला म्हणूनच सांगितलं, तिथलं तापमान बोटांइतकं खालीवर होत नाही. आणि 33 हा आकडाही दगडावरची रेघ समजू नका. त्याच्या मनगटाला तापमापीची सळी टेकवा, वरून कापूस ठेवून दोन मिनिटं थांबा, जो आकडा येईल तेवढं पाणी घ्या.

---

टिपकागद

सळीची कटकट कशाला, आमच्याकडे कपाळावर रोखून बघायचं इन्फ्रारेड यंत्र आहे. ते चमच्यावर रोखलं की एका सेकंदात आकडा.

---

पारा

लाकडावर चालेल, चकचकीत स्टीलवर अजिबात नाही. असं यंत्र वस्तूतून बाहेर पडणारे अवरक्त किरण मोजतं. लाकूड ते भरपूर सोडतं. चकचकीत स्टील स्वतःचे फारच थोडे सोडतं आणि समोरच्या वस्तूंचे परत फेकतं. म्हणजे यंत्र स्टीलवर रोखलं तर त्यात बहुतांशी समोरच्या भिंतीचं, छताचं किंवा यंत्र धरलेल्या हाताचं तापमान दिसेल. खोलीत सगळंच 25 असेल तर आकडा योगायोगाने बरोबर येतो आणि विश्वास बसतो. 42 च्या पाण्यातून काढलेला चमचा मात्र ते तीसच्या आसपास दाखवेल. उपाय सोपा: चमच्यावर इलेक्ट्रिशियनची काळी टेप चिकटवा, मिनिटभर थांबा आणि टेपवर रोखा. कपाळाच्या यंत्रांत आणखी एक अडचण असते. बरीच यंत्रं शरीराच्या तापमानाकडे झुकवलेला आकडा दाखवतात. वस्तूंसाठी वेगळं सेटिंग असेल तर ते निवडा.

---

मोठी_ताई

पिशव्या घालून पुन्हा केलं, दुसरा कोरडा लाकडी चमचा घेऊन. 33 ला त्याला सांगता आलं नाही कोणता कोणता. आता त्याला बर्फाचा प्रयोग करायचाय. त्याचा तर्क असा: स्टील हातातून उष्णता ओढतं, लाकूड नाही. मग बर्फाला उष्णता द्यायची असेल तर स्टीलच जास्त देईल, म्हणजे "गार" स्टीलवर बर्फ आधी वितळेल. चमच्यांवर बर्फाचे खडे ठेवले. स्टीलवर सुरुवातीला भराभर पाणी झालं, मग थांबल्यासारखं वाटलं. पाच मिनिटांनी दोन्हीकडे थोडाच फरक.

---

पारा

तर्क अचूक आहे, चमचा लहान पडला. 40 ग्रॅमच्या चमच्याला एका अंशामागे 20 ज्यूल. 25 वरून शून्यावर येईपर्यंत त्याच्याकडे द्यायला एकूण 500 ज्यूल. एक ग्रॅम बर्फ वितळायला 334 ज्यूल लागतात. म्हणजे चमच्याने दीड ग्रॅम बर्फ वितळवला आणि त्याची झोळी रिकामी झाली. नेहमीचा खडा पंधरा-वीस ग्रॅमचा असतो. त्यानंतर स्टीललाही उष्णता हवेतूनच मिळवावी लागते, लाकडासारखीच.

चमच्याऐवजी जाड बुडाचं मोठं धातूचं भांडं उपडं ठेवा, किलोभर वजनाचं असेल तर उत्तम. शेजारी तेवढीच जाड लाकडी फळी. दोन्हीवर एकाच साच्यातले खडे. आधी भावाला दोन्हींना हात लावू द्या, मग विचारा कुठे आधी वितळेल. बर्फाखाली पाणी साठलं की खडा तरंगल्यासारखा होतो आणि धातूचा स्पर्श सुटतो, तेव्हा कागदाने पाणी टिपत राहा, दोन्हीकडे सारखंच.

---

सोनचाफा

तर म्हणजे चमच्याची साठवणही मोजावी लागते. मी हेच म्हणत होते. ॲल्युमिनियमची फॉइल घ्या. धातू तोच, वाहकता तीच, पण फळीवर फॉइल अंथरून बोट लावलं की क्षणभरच गार, मग काही नाही. मग मुलाला नुसतं "वाहकता" सांगणं अर्धवट नाही का?

---

पारा

फॉइलचा मुद्दा मान्य. ती शतांश मिलिमीटरच्या घरातली असते, बोटाखालच्या एका चौरस सेंटीमीटरला चार मिलिग्रॅम ॲल्युमिनियम येतं. उष्णता आत घेतली तरी ठेवायला जागा नाही आणि खाली लाकूड. पण फॉइल हा मुद्दाम निवडलेला टोकाचा नमुना आहे. चमच्यांच्या जोडीत शंभरपट फरक वाहकतेतच आहे. सहावीत तेवढं सांगितलं तर खोटं काही सांगितलं जात नाही.

---

फळा_खडू

मी इथे सोनचाफांच्या बाजूने. फॉइल त्याच दिवशी दाखवावी. "सुवाहक म्हणून गार" एवढंच डोक्यात बसलं की नववीत ते उपटून काढणं फार अवघड जातं. एक वाक्य जास्त सांगा: उष्णता लवकर आत शिरली पाहिजे आणि आत तिला जागा असली पाहिजे.

---

करवत

डोळे बांधून केलं, दुसऱ्या माणसाकडून. दहापैकी सात वेळा कापलेली बाजू बरोबर ओळखली.

---

पारा

दहात सात नुसत्या अंदाजानेही अधूनमधून येतात. तीस-चाळीस वेळा करा, दोन तुकडे आलटून पालटून, आणि दर वेळी मधे मिनिटभर थांबा. आधीच्या स्पर्शाने गार झालेली त्वचा पूर्ववत व्हायला तेवढा वेळ लागतो, नाहीतर दुसरा तुकडा नेहमीच कमी गार वाटेल.

---

मोठी_ताई

उद्या उपडं भांडं, फळी आणि फॉइल तिन्ही. त्याने अंदाज लिहून ठेवलाय: भांडं पहिलं, फळी शेवटी. फळीवर अंथरलेल्या फॉइलसाठी त्याने "फळीपेक्षा थोडं आधी" लिहिलंय. बरोबर आहे का ते आत्ता सांगू नका, वितळल्यावर लिहिते.